क्यूआर कोड स्कॅन केल्यावर, लिंक उघडण्यापूर्वी काय पाहावे

क्यूआर कोड माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही आणि त्याच्या आधाराने होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फसवणुकीचे मूळ याच गोष्टीत आहे. दुकानाच्या पाटीवर भलतेच नाव लिहिले तर रस्त्याने जाणारा कोणीही ते वाचून हटकेल. पण गल्ल्यावर लावलेल्या कोडवर दुसरा कोड चिकटवला, तर रोज त्याच्यासमोर बसणाऱ्या दुकानदारालाही फरक कळत नाही. वाचण्याचे काम आपण फोनवर सोपवलेले असते. फोन ते नीट करतो आणि कोडमधला मजकूर अक्षरांत पडद्यावर दाखवतो. मात्र तो मजकूर न वाचताच आपले बोट पुढे जाते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी मोबाईलचा वर्ग घेते. तिथे पहिल्या दिवशी मी एवढेच सांगते की स्कॅन करणे आणि उघडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि सगळी तपासणी त्या दोन क्रियांच्या मधल्या आठ-दहा सेकंदांत करायची असते. ती कशी करायची, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

कोडच्या आत काय असते

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत तयार झाला आणि त्याचा पहिला उपयोग मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी झाला. कोड म्हणजे चौकोनांच्या भाषेत लिहिलेला साधा मजकूर. तो एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, फोन नंबर असेल, वायफायचा पासवर्ड असेल किंवा पैसे कोणाकडे पाठवायचे याची माहिती असेल. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन फक्त कॅमेऱ्याला दिशा कळावी म्हणून असतात. कोड कोणी बनवला, त्याला कोणी मान्यता दिली, याची नोंद साध्या कोडमध्ये नसते; इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या साधनांवर कोणीही, कोणाच्याही नावाने, मिनिटभरात कोड बनवू शकतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त स्कॅन होतो तो यूपीआयचा कोड. एखाद्या दुग्धालयाच्या गल्ल्यावरचा असा कोड उलगडला, तर आत साधारण पुढीलप्रमाणे मजकूर निघतो. इथला पत्ता मी उदाहरणासाठी बनवलेला आहे.

```
upi://pay?pa=shreedairy@examplebank&pn=Shree%20Dairy&cu=INR
```

यातील pa नंतर येतो तो पैसे ज्या खात्यात जाणार त्याचा यूपीआय पत्ता. pn नंतर येते ते घेणाऱ्याचे नाव, आणि %20 ही त्या नावातल्या रिकाम्या जागेची खूण आहे. cu म्हणजे चलन. आता यातली महत्त्वाची गोष्ट पाहा. pa इथे जे लिहिले असेल तिथेच पैसे जातात, परंतु pn इथले नाव कोड बनवणाऱ्याने स्वतः टाईप केलेले असते. पत्ता चोराचा आणि नाव दुग्धालयाचे, असा कोड सहज बनतो. हे ध्यानात घेऊनच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२५ साली असा नियम केला की पैसे देण्यापूर्वी ॲपने कोडमधले नाव न दाखवता घेणाऱ्याच्या बँकेत नोंदलेले नाव दाखवावे, आणि त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत दिली. म्हणून आज पैसे देण्याच्या पानावर दिसणारे बँकेतले नाव हा आपल्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. कोडच्या खाली कागदावर छापलेले नाव पुरावा नव्हे.

कोडच्या मध्यभागी बँकेचे किंवा ॲपचे बोधचिन्ह दिसले की अनेकांना तो अधिकृत वाटतो. वस्तुतः कोडच्या रचनेत दुरुस्तीची सोय आहे. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग झाकला गेला किंवा खराब झाला तरी उरलेल्या भागावरून मजकूर पुन्हा जुळवता येतो. कारखान्यात तेलाचे डाग पडले तरी कोड वाचला जावा, यासाठी ही सोय उपयोगी होती. तिचाच फायदा घेऊन मधोमध कोणतेही चित्र बसवता येते. त्या चित्राला सजावटीपलीकडे अर्थ नाही.

पहिली पायरी : कोड कशावर लावला आहे

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे रात्रीच्या वेळी अनेक दुकानांच्या आणि एका पेट्रोल पंपाच्या कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेले. सकाळी गिऱ्हाइके नेहमीप्रमाणे पैसे देऊ लागली आणि ते पैसे परक्या खात्यात जाऊ लागले. औषधाच्या एका दुकानात पैसे देताना नाव वेगळे दिसते आहे, असे एका गिऱ्हाइकाने सांगितले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. त्याआधी अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात २०२२ च्या सुरुवातीला रस्त्यावरच्या पार्किंगच्या यंत्रांवर असेच खोटे कोड सापडले होते. तिथे लोकांना यूपीआयकडे नव्हे, तर पार्किंगचे पैसे घेणाऱ्या खोट्या संकेतस्थळाकडे नेले जात होते. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच होती आणि तिला लागले ते फक्त चिकट पाठीच्या कागदाचे तुकडे.

म्हणून कॅमेरा उघडण्यापूर्वी कोडकडे एक वस्तू म्हणून पाहा. मी वर्गात एक जुना स्टँड घेऊन जाते आणि त्यावर मुद्दाम दुसरा कोड चिकटवून तो सर्वांच्या हाती देते. नुसते पाहून फार थोड्यांना कळते. पण कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले की कागदाची जाडी लगेच नखाला लागते. लॅमिनेशनच्या आत असायला हवा असा कोड लॅमिनेशनच्या वर असेल, एक कोपरा उचललेला असेल, खालच्या कोडची काळी कड बाहेर डोकावत असेल किंवा छापील पाटीवर फक्त कोडचाच कागद वेगळ्या पांढऱ्या रंगाचा असेल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला दाखवा. दुकानदारांनी रोज दुकान उघडल्यावर स्वतःच्याच कोडवर एक रुपया पाठवून नाव पाहावे. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी ध्वनिपेटी असेल तर तिच्यावर आवाज आल्याशिवाय रक्कम जमा झाली असे धरू नये, कारण कोड बदलला की पेटी गप्प राहते.

लावलेल्या जागेचाही विचार करा. विजेच्या खांबावर, एटीएमच्या दारावर, लिफ्टमध्ये किंवा गाडीच्या काचेवर कोणी तरी लावून गेलेला कोड कोणाचा आहे, हे विचारायला तिथे माणूस नसतो. असा कोड वाचल्यावाचून आपले काही अडत असेल, असे क्वचितच घडते.

दुसरी पायरी : कशाने स्कॅन करावे

पैसे द्यायचे असतील तर यूपीआयच्या ॲपमधूनच स्कॅन करा. इतर कोणताही कोड असेल तर फोनचा स्वतःचा कॅमेरा वापरा. आयफोनच्या कॅमेऱ्यात २०१७ पासून ही सोय आहे आणि आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यातही आहे. ‘क्यूआर स्कॅनर’ नावाचे वेगळे ॲप उतरवून घेण्याची गरज उरलेली नाही. अशी काही ॲप कोड दिसताच लिंक आपोआप उघडतात, म्हणजे जे आठ-दहा सेकंद आपल्याला हवे आहेत तेच ती काढून घेतात. कॅमेरा मात्र आधी पत्ता दाखवतो आणि त्यावर आपण बोट ठेवल्याशिवाय पुढे जात नाही. जुन्या फोनमध्ये वेगळे ॲप असलेच, तर त्याच्या सेटिंगमध्ये लिंक आपोआप उघडण्याचा पर्याय शोधून बंद करावा.

नुसते कॅमेऱ्याने कोड वाचल्याने पैसे जात नाहीत. ही भीती मनातून काढून टाकावी, कारण घाबरलेला माणूस पडद्यावरचे वाचत नाही. नुकसान होते ते पुढच्या कृतीने : लिंक उघडून माहिती भरल्याने, ॲप उतरवल्याने किंवा पैसे देण्याला संमती दिल्याने.

तिसरी पायरी : पैसे देण्याचे पान

यूपीआयच्या ॲपने कोड वाचला की नाव आणि रक्कम असलेले पान येते. इथे थांबून दिसणारे नाव मोठ्याने वाचा आणि समोरच्याला विचारा. दुकानाचे नाव ‘श्री दुग्धालय’ आणि बँकेतले नाव मालकाचे, असे पुष्कळदा असते आणि त्यात गैर काही नाही. पण मालक आपले नाव ओळखेल. ‘हे नाव तुमचेच ना?’ या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. खजुराहोचा प्रकार उघडकीस आला तो नेमका असे नाव वाचल्यामुळे.

यानंतर पिनचे पान येते आणि त्यावर पुन्हा एकदा नाव आणि रक्कम दिसते. पिन टाकणे म्हणजे ‘माझ्या खात्यातून एवढे पैसे द्या’ अशी सही करणे होय. खात्यातली शिल्लक पाहतानाही पिन लागतो, परंतु पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही. कोडही स्कॅन करावा लागत नाही. पैसे येताना आपल्या फोनवर काहीच करायचे नसते. काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो, आणि ‘यूपीआय लाइट’ सुरू केलेले असेल तर लहान रकमेला पिन विचारलाही जात नाही. त्यामुळे ‘पिन विचारला नाही, म्हणजे काही गेले नाही’ असा हिशेब करू नये.

या एका नियमाची किंमत किती असते, ते आमच्या वर्गातल्या एका ताईंच्या अनुभवावरून सांगते. त्यांनी मुलाचे अभ्यासाचे टेबल विकायला काढले होते आणि जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर ४,५०० रुपये किंमत लिहिली होती. तासाभरात एकाचा फोन आला. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, टेबल न्यायला माणूस येईल, पैसे आत्ताच पाठवतो, असे तो हिंदीत बोलला आणि त्याने किंमतही कमी करायला सांगितली नाही. आधी खात्री म्हणून त्याने ५ रुपये पाठवले आणि ते खरोखर जमा झाले. मग व्हॉट्सॲपवर एका कोडचे चित्र आले. ‘आमच्याकडून पैसे असेच येतात, हा कोड स्कॅन करा, म्हणजे रक्कम तुमच्या खात्यात पडेल,’ असे तो म्हणाला आणि फोन चालूच ठेवून एकेक गोष्ट सांगत राहिला. ताईंनी कोड ॲपमध्ये घेतला. पानावर ४,५०० चा आकडा आणि खाली इंग्रजीत पैसे मिळत असल्याचा मजकूर दिसला. त्यांनी पिन टाकला आणि ४,५०० रुपये गेले. ‘चूक झाली, परतीचा कोड पाठवतो,’ म्हणून त्याने लगेच ९,००० चा दुसरा कोड पाठवला, तेव्हा मात्र त्यांनी फोन ठेवला.

तो पहिला कोड मी नंतर संगणकावर उलगडून पाहिला. पत्ता आणि नाव बदलून त्याचा सांगाडा इथे देते.

```
upi://pay?pa=xyz@examplebank&pn=XYZ&am=4500.00&cu=INR&tn=Receive%20Rs%204500
```

am म्हणजे रक्कम. ती आधीच भरलेली असल्यामुळे ताईंना स्वतः आकडा टाकावा लागला नाही, आणि आकडा टाकताना माणूस जसा क्षणभर थांबतो तसे थांबणे झाले नाही. tn म्हणजे व्यवहाराची टीप. आपण मित्राला पैसे पाठवताना ‘भाडे’ किंवा ‘भिशी’ असे लिहितो, तीच ही जागा. त्या जागेत चोराने ‘Receive Rs 4500’ असे लिहून ठेवले होते आणि पडद्यावर ते जणू ॲपनेच सांगितल्यासारखे दिसत होते. टीप ही कोड बनवणाऱ्याच्या मर्जीची ओळ आहे. कोडच्या सुरुवातीला upi:// नंतरचा शब्द मात्र pay हाच होता. ताई शिकलेल्या आहेत, घरचा सगळा हिशेब त्याच पाहतात, आणि तरीही त्या फसल्या. याचे कारण त्यांचे अज्ञान नव्हे. कानाशी बोलणारा माणूस त्यांना पडदा वाचायला सवडच देत नव्हता. पैशांचे पान समोर असताना फोनवर कोणाशीही बोलत राहू नये, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगते.

चौथी पायरी : लिंकचा पत्ता वाचणे

आता कोडमधून पैशांचे पान न येता संकेतस्थळाचा पत्ता आला, तर काय करावे ते पाहू. या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पत्ता वाचायला एकदा शिकले की ते ज्ञान एसएमएस, ईमेल, व्हॉट्सॲप अशा सगळीकडे उपयोगी पडते.

समजा, सोसायटीच्या जिन्याजवळ एक कागद लावला आहे. ‘मागील महिन्याचे वीज बिल अद्ययावत न झाल्यामुळे आपला वीजपुरवठा आज रात्री ९.३० वाजता खंडित करण्यात येईल. बिल तपासण्यासाठी स्कॅन करा.’ खाली कोड आहे आणि वर महावितरणचे चिन्ह. कॅमेरा धरल्यावर पडद्यावर पत्ता येतो. खाली दोन पत्ते दिले आहेत. पहिला महावितरणच्या ग्राहक सेवेच्या खऱ्या संकेतस्थळाचा आहे. दुसरा मी खोट्याचा नमुना म्हणून बनवला आहे. Example हा शेवट केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे तो कुठेही उघडणार नाही, पण खऱ्या सापळ्यात त्या जागी xyz, top, com असे काहीही असू शकते.

```
https://wss.mahadiscom.in/
https://mahadiscom.in.bill-update.example/pay
```

आपण मराठी आणि इंग्रजी दोन्ही डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे दुसऱ्या पत्त्यात mahadiscom.in दिसताच मन निश्चिंत होते. संकेतस्थळाचे नाव मात्र उजवीकडून ठरते. पद्धत अशी : सुरुवातीचे https:// सोडून द्या. तिथून पुढे पहिली एकटी तिरपी रेघ जिथे येते तिथे बोट ठेवा, आणि रेघच नसेल तर पत्त्याच्या शेवटी ठेवा. आता बोट डावीकडे सरकवा. पहिल्या टिंबापर्यंत जो तुकडा येतो तो शेवट, आणि त्याच्या डावीकडचा पुढचा तुकडा म्हणजे मालकाने नोंदवलेले नाव. पहिल्या पत्त्यात शेवट in आणि नाव mahadiscom आहे. दुसऱ्यात शेवट example आणि नाव bill-update आहे. त्याच्या डावीकडचे mahadiscom.in हा केवळ मालकाने हौसेने लावलेला उपविभाग आहे. स्वतःच्या घराच्या एका खोलीवर कोणी ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ अशी पाटी लावली म्हणून ते घर सरकारी होत नाही, तसेच हे आहे.

यात एक बारकावा आहे. आपल्या देशात gov.in, co.in, bank.in असे दोन तुकड्यांचे शेवट असतात. तिथे ते दोन्ही मिळून शेवट समजावा आणि त्याच्या डावीकडचा तुकडा नाव म्हणून घ्यावा. gov.in हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. bank.in हा फक्त बँकांना मिळतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या शेवटावर येण्यास सांगितले होते. त्यामुळे स्टेट बँकेच्या नावाने आलेल्या पत्त्याचा पहिल्या रेघेपर्यंतचा भाग sbi.bank.in या शब्दांनी संपत असेल तर तो बँकेचा आहे, आणि sbi.bank.in च्या पुढे तिरपी रेघ न येता आणखी एक टिंब आणि आणखी शब्द आले, तर तो बँकेचा नाही. तपासायचे ते एवढेच की रेघेच्या अगदी लगत डावीकडे काय आहे.

नाव सापडल्यावर ते अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजी l च्या जागी 1, o च्या जागी 0, m च्या जागी r आणि n शेजारी-शेजारी, अशा अदलाबदली फोनच्या लहान पडद्यावर दिसत नाहीत. पत्त्यात पहिल्या रेघेच्या आधी @ हे चिन्ह असेल तर त्याच्या डावीकडचा सगळा भाग फोन विचारात घेत नाही आणि खरे ठिकाण उजवीकडे असते. संस्थांच्या साध्या लिंकमध्ये पहिल्या रेघेच्या आधी हे चिन्ह येण्याचे कारण नसते. नावाच्या आरंभी xn-- असेल तर तो इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत नोंदवलेला पत्ता आहे. तशा नावाला गैर म्हणता येत नाही, पण इंग्रजीसारखी दिसणारी परकी अक्षरे वापरून ओळखीच्या नावाची नक्कलही अशीच केली जाते.

लांब पत्ता कॅमेऱ्याच्या पट्टीत मावत नाही आणि मधूनच कापला जातो. फसवणारे मुद्दाम ओळखीचे शब्द आरंभी घालतात ते याचसाठी. पट्टीवर दाबून धरून लिंक कॉपी करा, नोंदवहीच्या ॲपमध्ये चिकटवा आणि तिथे पूर्ण वाचा. bit.ly सारखे आखूड पत्ते असले तर वाचूनही काही कळत नाही, कारण खरा पत्ता त्यांच्या मागे असतो. bit.ly च्या पत्त्याच्या शेवटी + हे चिन्ह लावून उघडले, तर ते संकेतस्थळ पुढचा पत्ता नुसता दाखवते. मात्र बिल, बँक, दंड किंवा सरकारी योजना यांच्यासाठी आखूड पत्ता आला, तर माझा सल्ला तो सोडून देण्याचाच आहे. शिवाय अशा कोडच्या मागचे ठिकाण मालक नंतर बदलू शकतो, त्यामुळे गेल्या महिन्यात चालला म्हणून तो आजही तिथेच नेईल, याची हमी नाही.

https मधला s आणि कुलपाचे चिन्ह यांचा अर्थ एवढाच की आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मजकूर तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसले आहे, हे कुलूप सांगत नाही. खोटी संकेतस्थळेही कुलूप लावूनच येतात, कारण ते मोफत मिळते.

जिन्यातल्या त्या कागदाच्या बाबतीत खरे तर पत्ता वाचण्याचीही गरज नव्हती. विजेचे बिल थकले आहे का, हे पाहण्याचा आपला ठरलेला मार्ग आहे : महावितरणचे ॲप किंवा स्वतः टाईप केलेला पत्ता, आणि त्यात बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक. कोड जिथे नेतो तिथे आपण आपल्या वाटेनेही पोचू शकत असू, तर आपल्याच वाटेने जावे. पत्त्याचे वाचन राखून ठेवावे ते दुसरी वाट नसते तेव्हासाठी, म्हणजे उपाहारगृहातले खाद्यपदार्थांचे पत्रक, प्रदर्शनातली माहिती, लग्नपत्रिकेवरचा नकाशा यांच्यासाठी.

पाचवी पायरी : पान उघडल्यावर काय मागितले जाते

पत्ता ठीक वाटला आणि पान उघडले, तरी तपासणी संपत नाही. खाद्यपदार्थांच्या पत्रकाने फोन नंबर आणि ओटीपी मागितला, तर पत्रक पाहायला ओटीपी कशाला, हा प्रश्न विचारून पान बंद करावे. यूपीआयचा पिन केवळ ॲपमधल्या पिनच्या पानावर टाकायचा असतो. एखादे संकेतस्थळ तो मागत असेल, तर ते निःसंशय खोटे आहे.

पान apk नावाने संपणारी फाइल उतरवायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. ‘चलान’, ‘केवायसी’, ‘वीज बिल’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांनी येणाऱ्या या फाइली म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारी ॲप असतात. ती बसवताना फोन स्वतःच इशारा देतो आणि ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवायचे का’ असे विचारतो. तो इशारा बाजूला सारून ॲप बसवले आणि एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी आपल्या आधी दुसऱ्याला दिसू लागतात. पैसे जातात ते स्कॅन केल्यावर लगेच नव्हे, तर दोन-तीन दिवसांनी, आणि म्हणून जिन्यातल्या कागदाशी त्यांचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

व्हॉट्सॲपचा कोड या सगळ्यांहून वेगळा आहे. संगणकावर व्हॉट्सॲप जोडण्यासाठी जो कोड येतो, तो स्कॅन करणे म्हणजे त्या संगणकाला आपली सगळी संभाषणे उघडून देणे होय. ‘बक्षीस मिळवण्यासाठी किंवा मतदान करण्यासाठी व्हॉट्सॲप उघडून तिथून हा कोड स्कॅन करा’ असे कोणी सांगितले, तर तो हाच सापळा समजावा. शंका आली तर व्हॉट्सॲपच्या मेनूत Linked devices उघडा आणि अनोळखी उपकरण दिसल्यास त्यावर बोट ठेवून ते बाहेर काढा.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर करा आणि दुसरा आपल्या बँकेला. घाईचे कारण असे की चोरीची रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती लगेच पुढच्या खात्यांत विखुरली जाते, आणि १९३० वर नोंद झाली तर संबंधित बँकांना ती वाटेत रोखण्याची संधी मिळते. फोन लावण्याआधी ॲपच्या इतिहासात जाऊन तो व्यवहार उघडा आणि त्यातला बारा अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता कागदावर लिहून घ्या, कारण तेच प्रश्न विचारले जातात. कोडचे चित्र, संभाषण आणि व्यवहाराचे पान यांचे स्क्रीनशॉट ठेवा; रागाच्या भरात संभाषण पुसू नका. मग cybercrime.gov.in वर लेखी तक्रार नोंदवा आणि मिळणारा पोच क्रमांक जपून ठेवा.

बँकेचा क्रमांक एटीएम कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या. तो इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर येणारे ‘ग्राहक सेवा’ क्रमांक पुष्कळदा त्याच धंद्यातल्या लोकांचे असतात आणि फसलेला माणूस त्यांच्या हाती दुसऱ्यांदा सापडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे म्हटले आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे परस्पर पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. apk बसवले गेले असेल, तर आधी त्या फोनचे इंटरनेट बंद करा, हे सगळे फोन घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून करा आणि नंतरच ते ॲप काढून टाका.

आमच्या ताईंनी फोन ठेवल्यापासून वीस मिनिटांत १९३० ला कळवले होते. त्यांनी त्या दिवशी यूटीआर क्रमांक ज्या कागदावर लिहून घेतला, तो कागद आता आमच्या वर्गाच्या वहीत चिकटवलेला आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो क्रमांक स्वतःच्या ॲपमध्ये कुठे सापडतो, हे शोधायला लावूनच मी पुढचा धडा घेते.